सभा झालीच नव्हती, मग कर्ज कोणाचे? मानीव सूचना आणि अंतर्गत व्यवस्थापनाचा नियम

नमस्कार. मागील व्हिडिओखाली निपाणी, खानापूर आणि बेळगाव येथील अनेक प्रेक्षकांनी एकच प्रश्न विचारला आहे. कंपनीला कर्ज दिले, संचालक मंडळाचा ठराव हातात आहे, आणि आता कंपनी म्हणते की सर्वसाधारण सभेची मंजुरी घेतलीच नव्हती. तर पैसे परत मिळतील का? आज केवळ याच प्रश्नाविषयी बोलतो.

पायाभूत गोष्टी थोडक्यात सांगतो. मेमोरँडम, म्हणजे घटनापत्रक, कंपनी कोणत्या उद्दिष्टांसाठी आहे ते सांगते; आर्टिकल्स, म्हणजे नियमावली, कारभार कसा चालवायचा ते सांगते. घटनापत्रकातील उद्दिष्टांच्या बाहेरचे कृत्य अधिकारबाह्य ठरते आणि सर्व भागधारकांनी एकमुखाने हात वर केले तरी ते वैध होत नाही. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या ॲशबरी कंपनीने बेल्जियममध्ये लोहमार्ग बांधण्याचा करार केला, तेव्हा 1875 साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हेच सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली लक्ष्मणस्वामी मुदलियार खटल्यात विमा कंपनीने न्यासाला दिलेली दोन लाखांची देणगी अधिकारबाह्य ठरवली. नियमावलीचे उल्लंघन मात्र वेगळे असते, कारण घटनापत्रकाच्या आत असलेले कृत्य भागधारक नंतर मान्य करू शकतात.

आता मुख्य गाठ. ही दोन्ही कागदपत्रे कंपनी निबंधकाकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवलेली असतात आणि कंपनी कायदा 2013 च्या कलम 399 नुसार ती कोणालाही पाहता येतात. म्हणून कंपनीशी व्यवहार करणाऱ्याने ती वाचली आहेत, असे कायदा गृहीत धरतो. यालाच मी मानीव सूचना म्हणतो. ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा शब्द आपण सातबाऱ्याच्या आणि सोसायटीच्या कामात ऐकलेला असतो, त्यातलाच हा ‘मानीव’. याच्या उलट बाजूला अंतर्गत व्यवस्थापनाचा नियम आहे: कागद वाचून व्यवहार नियमांशी सुसंगत दिसत असेल, तर आतील सभा, गणसंख्या आणि ठराव रीतसर झाले असावेत, असे बाहेरच्या माणसाला धरून चालता येते. हा नियम 1856 च्या टर्क्वांड खटल्यातून आला, ज्यात संचालकांना कर्जरोखा देण्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आवश्यक होता, तो झाला नसल्याचे कंपनीने सांगितले, तरीही कंपनीला रोखा बंधनकारक ठरला.

हे दोन नियम एकमेकांना कापतात, असे एका प्रेक्षकाने लिहिले आहे. तसे ते कापत नाहीत. प्रश्न एवढाच असतो की झाला नाही असा जो ठराव आहे, तो झाला असता तर निबंधकाच्या दप्तरात दिसला असता का?

उदाहरण घेऊ. उद्यमबागेतील एक खासगी मर्यादित फाउंड्री निपाणीच्या एका वित्त कंपनीकडून 35 लाख रुपये घेते. नियमावलीचे कलम 62 म्हणते की संचालक मंडळ 20 लाखांपर्यंत कर्ज घेऊ शकेल आणि त्यापुढे सर्वसाधारण सभेचा साधारण ठराव हवा. मंडळाच्या ठरावाची प्रत मिळाली, कर्ज दिले गेले, सभा झालीच नव्हती. असा साधारण ठराव निबंधकाकडे पाठवावा लागत नाही, त्यामुळे वित्त कंपनीने दप्तर कितीही चाळले असते तरी तो झाला की नाही हे तिला कळले नसते. तो झाला असावा असे तिला मानता येते आणि पूर्ण 35 लाखांसाठी फाउंड्री बांधील राहते.

आता त्याच कलमात ‘साधारण’ऐवजी ‘विशेष ठराव’ असे लिहिले आहे असे धरा. बाकी काहीही बदललेले नाही. विशेष ठरावाची प्रत कलम 117 नुसार तीस दिवसांत एमजीटी-14 या फॉर्मवर निबंधकाकडे दाखल करावी लागते. वित्त कंपनीने पाहिले असते तर ठराव तेथे नाही हे तिला दिसले असते, आणि पाहिले नाही तरी पाहिल्याचे धरले जाते. वरच्या 15 लाखांसाठी टर्क्वांडचा आधार तिला मिळत नाही. 1877 च्या आयर्व्हिन विरुद्ध युनियन बँक ऑफ ऑस्ट्रेलिया या खटल्यात धनकोची हीच अडचण झाली होती. तीस दिवसांच्या आत व्यवहार असेल तर दप्तरात प्रत नसणे स्वाभाविक असते. अशा वेळी ठरावाची प्रत मागून घ्यावी लागते, गप्प बसून चालत नाही.

आणखी एका बाजूने सांगतो, कारण चूक येथेच होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या 1934 च्या कोटला वेंकटस्वामी खटल्यात नियमावलीनुसार दस्तावर व्यवस्थापकीय संचालक, सचिव आणि एक कार्यकारी संचालक अशा तिघांच्या सह्या हव्या होत्या. गहाणखतावर सचिव आणि कार्यकारी संचालक या दोघांच्याच सह्या होत्या. ही त्रुटी आतली नव्हती. नियमावली एका हातात आणि दस्त दुसऱ्या हातात धरल्यावर ती कोणालाही दिसली असती. धनकोने सद्भावनेने पैसे दिले असूनही गहाणखत टिकले नाही.

काही प्रेक्षक इंग्लंडमधील लेख वाचून मानीव सूचना आता इतिहासजमा झाली असे लिहितात. त्यांच्या 2006 च्या कायद्यातील कलम 40 सद्भावी व्यक्तीला संरक्षण देते, हे खरे आहे. परंतु तो कायदा बंगळूरच्या निबंधकाकडे नोंदलेल्या आपल्या कंपन्यांना लागू नाही. या गैरसमजामुळे लोकांचे पैसे अडकतात, म्हणून मी हे वारंवार सांगतो.

माझीही चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कर्जव्यवहारात मी कंपनीच्या संचालकांनी दिलेली छापील नियमावली वाचली. कडा पिवळ्या झालेली ती पुस्तिका व्यवस्थित शिवलेली होती, प्रत्येक पानावर शिक्का होता आणि कर्जाच्या कलमात ‘साधारण ठराव’ असे स्पष्ट होते. आठ महिन्यांपूर्वी ते कलम विशेष ठरावाने बदलले होते आणि बदल निबंधकाकडे नोंदवलेला होता. माझ्या अशिलाला तो बदल माहीत असल्याचे धरले गेले. पुस्तिकेवरील शिक्का काहीच कामाचा नव्हता. त्यानंतर मी कंपनीने दिलेल्या प्रतीवर विसंबत नाही. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, संकेतस्थळावर शुल्क भरून नियमावलीची प्रत, त्यानंतरचे सर्व एमजीटी-14 आणि शेवटची दुरुस्ती पाहतो, आणि मगच मंडळाचा ठराव हातात घेतो. बहुतेक लोक नेमका याच्या उलट क्रम धरतात. ठराव आधी पाहतात, नियमावली कधीच पाहत नाहीत.

टर्क्वांडचा नियम तीन ठिकाणी मुळीच मदत करत नाही. मंजुरी नसल्याचे धनकोला प्रत्यक्ष माहीत असेल, तर त्याला अज्ञानाचा आधार घेता येत नाही; 1888 च्या हॉवर्ड खटल्यात संचालकांनी स्वतःच कंपनीला कर्ज दिले आणि मर्यादेपलीकडील रकमेसाठी त्यांची बाजू पडली. सही खोटी असेल, तर 1906 च्या रुबेन खटल्याप्रमाणे नियम लागूच होत नाही, कारण खोटी सही ही कारभारातील त्रुटी नव्हे. आणि व्यवहारच संशयास्पद असेल, म्हणजे हिशेबनीसाने कंपनीची मिळकत विकायला काढावी असा प्रकार असेल, तर चौकशी न करणाऱ्याचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. निपाणीच्या त्या वित्त कंपनीतील व्यवस्थापक जर फाउंड्रीच्या संचालकाचा भाऊ असता आणि सभा झाली नाही हे त्याने घरीच ऐकले असते, तर साधारण ठरावाच्या पहिल्या उदाहरणातही 15 लाखांचा निकाल उलट लागण्याची दाट शक्यता होती.