मंदी संपली तेव्हा बेकारी वाढतच होती

अमेरिकेतली 2007 ते 2009 ची मंदी घेऊ. तिथे अर्थव्यवस्थेच्या चढउतारातलं शिखर आणि तळ यांच्या तारखा एनबीईआर या आर्थिक संशोधन संस्थेची समिती ठरवते. शिखरापासून तळापर्यंत मंदी, तळापासून पुढच्या शिखरापर्यंत विस्तार. समितीने शिखर डिसेंबर 2007 ठरवलं, पण जाहीर केलं 1 डिसेंबर 2008 ला. म्हणजे मंदीत वर्ष काढल्यावर लोकांना कळलं की आपण मंदीत आहोत!

याला आळस म्हणू नका. 2008 च्या पहिल्या तिमाहीचा जीडीपी पहिल्या अंदाजात वाढलेला दिसत होता, तो पुढे दुरुस्त होऊन घटलेला निघाला. असे आकडे हातात असताना घाई कोण करणार?

आता एका कारखान्यात जाऊ. ऑर्डरी कमी झाल्या की मालक पहिल्याच दिवशी माणसं काढत नाही. शिकवून तयार केलेला माणूस गेला तर परत मिळत नाही, हे त्याला माहीत असतं. म्हणून आधी ओव्हरटाइम बंद, मग तास कमी, आणि तरीही भागलं नाही तर कपात. त्यामुळे कारखान्यातले साप्ताहिक तास हा अग्रगामी निर्देशक, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या आधी वळणारा; एकूण नोकऱ्यांची संख्या सहगामी, म्हणजे तिच्याबरोबर वळणारी; आणि माणूस सरासरी किती आठवडे बेकार राहतो हा पश्चगामी, म्हणजे तिच्या मागून वळणारा. गोष्ट एकच, घड्याळं तीन. घरबांधणीचे परवानेही अग्रगामीच, कारण वीट रचण्याआधी कागद लागतो. ते 2005 मध्येच शिखरावर पोचून उतरू लागले होते, अर्थव्यवस्थेच्या शिखराच्या दोनेक वर्षं आधी.

वर येतानाही हाच क्रम. बेकारभत्त्यासाठी आठवड्याला येणारे नवे अर्ज मार्च 2009 च्या अखेरीस साडेसहा लाखांवर गेले आणि तिथून उतरले. तळ जूनमध्ये आला. बेकारीचा दर मात्र जूनमधल्या 9.5 टक्क्यांवरून ऑक्टोबरमध्ये 10 वर गेला. मालक आधी आहे त्याच माणसांचे तास वाढवतो, नवी भरती नंतर. शिवाय निराश होऊन काम शोधणं सोडलेले लोक परत शोधू लागले की ते पुन्हा बेकारांत मोजले जातात.

अग्रगामी निर्देशक फसवतातही, आणि माझ्या मते हे पुरेसं सांगितलं जात नाही. 2022 मध्ये दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचं व्याज दोन वर्षांच्या रोख्यांपेक्षा खाली गेलं. मंदीचा हा जुना, नावाजलेला इशारा. 2023 गेलं, 2024 गेलं, मंदी आली नाही. म्हणून एकट्या निर्देशकावर विसंबू नये. उतार किती महिने टिकला, किती खोल गेला आणि किती निर्देशकांत पसरला, हे तिन्ही पाहावं.

जून 2009 चा तळ समितीने जाहीर केला 20 सप्टेंबर 2010 ला. तेव्हाही बेकारी साडेनऊ टक्क्यांच्या आसपासच होती, लोक चिडले. समितीने तिथेच खुलासा केला होता: आम्ही परिस्थिती चांगली झाली असं म्हणत नाही, घसरण थांबली एवढंच म्हणतो.