शंभर रुपयांची सूट आणि उरलेला एक पैसा: जीएसटी बिलाच्या टेस्ट केसेस

नमस्कार. जीएसटीचं बिल काढणारं कॅल्क्युलेटर तपासायचं असेल, तर माझ्याकडे एक छोटं बिल आहे. तीन ओळींचंच आहे, पण आजवर मी ज्या ज्या कॅल्क्युलेटरवर ते चालवलं, त्यातल्या बऱ्याच जणांची कुठली ना कुठली चूक त्यानं बाहेर काढली. आज हेच बिल पैशापैशापर्यंत सोडवूया.

[स्क्रीनवर बिल]

तीन वस्तू आहेत, प्रत्येकी २५० रुपयांच्या, कर धरलेला नाही. पहिलीवर १८ टक्के जीएसटी, दुसरी आणि तिसरीवर ५ टक्के. एकूण ७५० रुपये. आणि अख्ख्या बिलावर मिळून १०० रुपये सूट.

पहिला प्रश्न: सूट कर लावण्याआधी वजा करायची की नंतर? सीजीएसटी कायद्याचं कलम १५(३) सांगतं की विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट करपात्र मूल्यात धरत नाहीत. म्हणजे आधी सूट, मग कर. नंतर वजा करणारं कॅल्क्युलेटर २९५ अधिक ५२५ म्हणजे ८२० करतं, त्यातून १०० काढतं आणि ७२० दाखवतं. योग्य उत्तर ७१० च्या आसपास आहे, त्यामुळे ही चूक लगेच दिसते.

आता सूट कुणाच्या वाट्याला किती? सगळी सूट १८ टक्क्यांच्या वस्तूवर टाकली, तर कर फक्त ५२ रुपये होतो, कारण जास्त दराची रक्कम घटली. म्हणून ती किमतीच्या प्रमाणात वाटायची. तिन्ही किमती सारख्या, म्हणजे प्रत्येकी ३३ रुपये ३३ पैसे. तिन्हींची बेरीज करा. ९९ रुपये ९९ पैसे. एक पैसा उरला.

हा पैसा कुणाला द्यायचा हे आधी लिहून ठरवायला हवं. मी नियम असा ठेवते: ज्या ओळीचा पैशाखालचा अपूर्णांक सगळ्यात मोठा, तिला. इथे तिघींचा सारखाच आहे, म्हणून बिलातल्या पहिल्या ओळीला. मग पहिलीची करपात्र रक्कम २१६.६६, बाकी दोघींची २१६.६७. बेरीज बरोबर ६५० रुपये. ही बेरीज तपासणं हीच पहिली टेस्ट. कुठलंही बिल घ्या, वाटलेल्या सुटीची बेरीज मूळ सुटीइतकीच आली पाहिजे.

आता कर. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १८ चे दोन भाग होतात, ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. ५ टक्क्यांचे अडीच-अडीच. पहिली ओळ सोपी आहे: २१६.६६ चे ९ टक्के म्हणजे १९.४९९४, गोल केल्यावर १९.५०. दुसरी ओळ नीट बघा. २१६.६७ चे अडीच टक्के म्हणजे ५.४१६७५, गोल करून ५.४२. दोन्ही कर मिळून १०.८४. पण हीच वस्तू परराज्यात गेली, तर एकच आयजीएसटी लागतो, ५ टक्के. २१६.६७ चे ५ टक्के १०.८३३५, गोल करून १०.८३. एकाच वस्तूवर, एकाच दरानं, एका पैशाचा फरक. यात कुणाची चूक नाही. दोन अर्धे वेगवेगळे गोल केले की असं होऊ शकतं.

ओळीनिहाय गोल केलं तर पूर्ण बिलाचा सीजीएसटी ३०.३४, एसजीएसटीही तेवढाच, एकूण कर ६०.६८. पण काही प्रणाली ओळीवर गोल करत नाहीत. त्या एका दराच्या सगळ्या रकमा आधी एकत्र करतात. ५ टक्क्यांच्या दोन ओळी मिळून ४३३.३४, अडीच टक्के म्हणजे १०.८३३५, गोल करून १०.८३. मग सीजीएसटी ३०.३३ आणि एकूण कर ६०.६६. परराज्यातलं बिल असेल तर ओळीनिहाय ६०.६६ आणि दरनिहाय ६०.६७.

म्हणून टेस्ट केसमध्ये नुसतं ‘कर बरोबर यावा’ लिहून भागत नाही. गोल कुठल्या पायरीवर करायचं ते आधी ठरवा, आणि अपेक्षित रकमा कागदावर हाताने काढा. कोडचंच उत्तर उचलून अपेक्षित म्हणून चिकटवलं, तर ती टेस्ट त्या कोडची चूक कधीच पकडणार नाही.

गोल कसं करायचं, त्यातही एक फसवी जागा आहे. बरोबर अर्धा पैसा आला तर? आपल्याकडे तो वर नेतात. पण पायथॉनचं `round` आणि `Decimal` चं `quantize` हे दोन्ही, वेगळं काही सांगितलं नाही तर, अर्ध्याला जवळच्या सम अंकाकडे नेतात. २१५ रुपयांवर अडीच टक्के घ्या: ५.३७५. दोन्ही पद्धतींनी ५.३८ येतं, टेस्ट पास होते आणि आपण निर्धास्त होतो. आता २०५ घ्या: ५.१२५. वर नेलं तर ५.१३, सम अंकाकडे नेलं तर ५.१२. चूक पकडणारी टेस्ट २०५ ची.

```python
from decimal import Decimal as D, ROUND_HALF_UP

def paisa(x):
    return x.quantize(D("0.01"), rounding=ROUND_HALF_UP)

assert paisa(D("205") * D("0.025")) == D("5.13")
```

आकडे अवतरणात दिलेत, तेही मुद्दाम. `D(0.025)` लिहिलं तर आधी फ्लोट तयार होतो आणि त्यातला बारीक फरक तसाच आत येतो.

शेवटी रुपयाला गोल करणं. आपलं बिल ६५० अधिक ६०.६८, म्हणजे ७१०.६८. ग्राहक देतो ७११, आणि ३२ पैसे ‘राउंड ऑफ’ या वेगळ्या ओळीत जातात. ते ना करपात्र रकमेत मिसळायचे, ना करात. सीमेवरच्या दोन टेस्ट पुरतात: ७१०.४९ चे ७१० आणि ७१०.५० चे ७११.

आता जिथे मी स्वतः अडकले होते ती जागा. माल परत आला, क्रेडिट नोट काढायची आहे. ओळीनिहाय हिशेबात पहिली ओळ परत आली की २१६.६६ अधिक ३९, म्हणजे २५५.६६. बाकीच्या दोन प्रत्येकी २२७.५१. तिन्ही एकेक करून परत घ्या, बेरीज ७१०.६८, मूळ बिलाइतकीच.

दरनिहाय हिशेबात मात्र बिलात अडीच टक्क्यांचा सीजीएसटी १०.८३ लागलाय. दुसरी ओळ परत आली, क्रेडिट नोट ५.४२. महिन्याभरानं तिसरी आली, पुन्हा ५.४२. झाले १०.८४. म्हणजे जेवढा कर लावला त्यापेक्षा एक पैसा जास्त परत दिला. एसजीएसटीतही तेच. आमच्या टेस्टमध्ये ग्राहक नेहमी सगळा माल एकदम परत करायचा, म्हणून हे कधी दिसलंच नाही. खातं जुळेना तेव्हा दोन दिवस त्या पैशांमागे गेले.

उपाय असा की त्या दराची शेवटची क्रेडिट नोट नव्यानं टक्केवारी लावून काढायची नाही. मूळ करातून आधी परत दिलेला वजा करायचा: १०.८३ वजा ५.४२, म्हणजे ५.४१. आणि टेस्ट लिहिताना आधी दुसरी आणि मग तिसरी वस्तू, नंतर त्याच दोन्ही उलट क्रमानं परत करून बघा. दोन्ही वेळा शिल्लक शून्यच आली पाहिजे.