आरसा आणि वळण : उणे स्केलने पात्र फिरवताना

मित्रहो, पात्राला डावीकडे तोंड करायला लावायचे तर आडव्या अक्षावरचे स्केल उणे करावे, हा उपाय बहुतेकांना सर्वांत आधी सुचतो. गोडो ४ मधल्या एका द्विमितीय खेळात `CharacterBody2D` या मूळ नोडवर, डावी कळ दाबलेली असेपर्यंत दर फ्रेमला पुढची ओळ चालते, असे धरा.

```
scale.x = -1
```

पात्र डावीकडे वळून स्थिर राहत नाही. ते दर फ्रेमला दिशा बदलत थरथरते. नोडची स्थिती शेवटी मॅट्रिक्समध्ये साठते आणि `move_and_slide()` ने पात्र हलवल्यावर तिच्यातून फिरकी आणि स्केल पुन्हा वेगळे काढले जातात. मॅट्रिक्सला आपण कोणता अक्ष उलटवला ते आठवत नाही. गोडो अशा वेळी १८० अंशांची फिरकी आणि उभ्या अक्षावर उणे एक, असा अर्थ लावतो. चित्र तेच दिसते. पुढच्या फ्रेमला आपण आडवे स्केल पुन्हा उणे करतो, तेव्हा दोन्ही अक्ष उणे आणि फिरकी १८० अंश, म्हणजे पात्र मूळच्या दिशेला. त्यातच एखाद्या अ‍ॅनिमेशनने त्या नोडची फिरकी शून्य केली, तर उभे उणे स्केल तेवढे उरते आणि पात्र डोक्यावर उभे राहते.

उपाय सोपा आहे. मूळ नोड आणि टक्कर-आकार जसेच्या तसे ठेवून फक्त चित्र उलटवावे. `Sprite2D` ला त्यासाठी `flip_h` दिलेलेच आहे.

त्रिमितीत दुखणे वेगळे दिसते. त्रिकोणाची पुढची बाजू त्याच्या शिरोबिंदूंच्या क्रमावरून ठरते, आणि आरशात तो क्रम उलटतो. पूर्ण मेश उलटवला, तर इंजिन मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट उणे असल्याचे ओळखून बाजू बदलते. उणे स्केल सांगाड्यातल्या हाडावर असेल, तर ते इंजिनला कळत नाही. जवळचे पृष्ठभाग गाळले जातात आणि अंगरख्याचे अस्तर बाहेर यावे तशी पात्राची आतली बाजू दिसू लागते. शिवाय १ वरून उणे १ कडे जाताना दोन अ‍ॅनिमेशनांचे मिश्रण शून्यातून जाते, म्हणून पात्र क्षणभर कागदासारखे चपटे होते. संशय आला, तर हाडाच्या जागतिक मॅट्रिक्सचा `basis.determinant()` छापून पाहावा. तो उणे निघाला, तर आरसा तिथे किंवा त्याच्या वरच्या एखाद्या हाडावर आहे.

त्रिमितीय पात्र उभ्या अक्षाभोवती १८० अंश फिरवले, की डिटर्मिनंट धनच राहतो. पण मग उजव्या हातातली तलवार धडाच्या मागे जाते, आणि द्वंद्वाच्या खेळात तीच दिसायला हवी असते. माझ्या मते आरशाचा मोह तिथेच खरा पडतो. अशा ठिकाणी डाव्या-उजव्या हाडांच्या हालचाली अदलाबदल करून स्वतंत्र अ‍ॅनिमेशन तयार करावे लागते आणि तलवार दुसऱ्या हाताच्या हाडाला जोडावी लागते.