पाणी पाठीकडून शिरतं

(जळगावातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय आहे 'पावसाळ्यासाठी लॅपटॉपची बॅग कशी निवडावी'. अध्यक्षांनी मला पाऊण तास दिला होता. सत्कार आणि चहा यात पंधरा मिनिटं गेली, म्हणजे बॅग निवडायला तुमच्याकडे वेळ आहे, माझ्याकडे नाही.

मी लॅपटॉप दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर लॅपटॉप येतो तेव्हा सोबत बॅगही आणा, असं मी सांगतो. लोकांना वाटतं, याला बॅगेचं काय? पण लॅपटॉप खोटं बोलतो. तो नुसता बंद असतो. बॅग मात्र पाणी कुठून आलं ते सांगते.

इथे एक जण पुटपुटले, की खानदेशात पाऊस पडतोच कुठे. खरं आहे भो, कोकणाच्या मानाने आपल्याकडे फार कमी. पण आपला पाऊस येतो तेव्हा अर्ध्या तासात वर्षाची उधारी फेडल्यासारखा येतो. बांभोरीजवळ गिरणेच्या पुलावर असा पाऊस गाठला, की थांबायला आडोसा नसतो. रोज भिजणारा मुंबईकर तयारीत असतो, आपण नसतो.

आता माझं जुनं दुखणं सांगतो, त्याशिवाय पुढे सरकवत नाही. बॅगेच्या दुकानात जा. दुकानदार काय करतो? ग्लासभर पाणी घेतो आणि बॅगेच्या पुढच्या कापडावर ओततो. थेंब मोत्यांसारखे घरंगळतात. "बघा साहेब, वॉटरप्रूफ!" गिऱ्हाईक खूश. मी एकदा म्हटलं, "दादा, हेच पाणी चेनवर ओता." तो म्हणाला, "चेनवर कशाला ओतायचं?" मी म्हटलं, "पाऊस विचारून पडतो का?" (हशा) त्याने ग्लास ठेवून दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

थेंब घरंगळतो तो कापडाच्या वरच्या बाजूला मारलेल्या पातळ लेपामुळे. घासून, धूळ बसून, वरचेवर धुऊन तो लेप उतरतो. पाणी खरं अडवतो तो आतल्या बाजूचा थर. टॅगवर '१००० मिमी' किंवा '१५०० मिमी' असं लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ असा, की त्या कापडावर तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी पाझरत नाही. कापड चांगलंच असतं हो! पण तो आकडा कापडाचा, बॅगेचा नाही. बॅग शिवताना त्याच कापडाला सुईने शेकडो भोकं पाडलेली असतात.

भुसावळहून मोटारसायकलवर जळगावच्या एमआयडीसीत येणाऱ्या एका मुलाचं प्रकरण सांगतो. बॅग महाग होती, वर पिवळंधमक रेनकव्हर होतं. पोरगं अगदी शिस्तीचं, पहिला थेंब पडला की गाडी बाजूला घेऊन कव्हर चढवायचं. तरी लॅपटॉप गेला. चार्जिंगच्या जॅकजवळ बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड आली होती, म्हणजे तांबं गंजलं होतं. तो म्हणे, "सर, पुढच्या कप्प्यातली वही कोरडी, डबा कोरडा, मग लॅपटॉपच कसा भिजला?"

मी बॅग उलटी करून बघितली. लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून असतो, कारण जड वस्तू पाठीजवळ बरी. रेनकव्हर मात्र पाठीची बाजू उघडी ठेवतं, कारण तिथेच पट्टे असतात. म्हणजे झाकलेला असतो डबा आणि उघडा असतो लॅपटॉप! पाऊस हेल्मेटवरून मानेवर येतो, रेनकोटच्या पाठीवरून ओघळतो आणि पाठ आणि बॅग यांच्या मधे शिरतो. तिथला जाळीचा फोम तो पिऊन घेतो. फोमच्या वरच्या टोकाला पट्टे शिवलेले असतात. सगळ्यात दाट शिलाई तिथेच असते आणि ओझ्याने तिथली भोकं ताणली जातात. त्या बॅगेच्या अस्तरावर पट्ट्यांच्या मुळापासून खाली दोन मळकट ओघळ स्पष्ट दिसत होते.

शिवाय तळाशी एक आडवी रेघ होती. आडवी रेघ म्हणजे पाणी वरून आलेलं नाही, खाली साचलेलं आहे. पाठीवरून उतरलेलं पाणी रेनकव्हरच्या तळात जमलं आणि कुंडीखालच्या थाळीतून माती पाणी ओढते तसं बॅगेने ते वर ओढलं. काही कव्हरांना तळाशी पाणी निघायला भोक असतं, याला नव्हतं. लॅपटॉपचा कप्पा थेट बॅगेच्या तळाला टेकलेला होता, मधे बोटभरही अंतर नव्हतं. म्हणजे पुढून कव्हरने वाचवला आणि खालून कव्हरनेच बुडवला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, '१० मिनिटे'. शून्य नीट दिसत नाहीये, एकच मिनिट असेल. तर ज्यासाठी तुम्ही आलात ते भराभर सांगतो.

दुकानात आधी बॅगेची पाठ बघा, रंग नंतर. लॅपटॉपच्या कप्प्यात हात घाला. कप्प्याचा तळ बॅगेच्या तळापासून दोन-तीन बोटं वर लटकलेला हवा. मग चेन बघा. दात बाहेर दिसतात ती साधी चेन, तिच्यातून पाणी सहज जातं. वरून गुळगुळीत रबरी पट्टी असलेली चेन बरी, पण रनर जिथे थांबतो तिथे भोक राहतंच. म्हणून चेनवर कापडाची झडप असेल आणि बंद केल्यावर रनर टोकाला झाकला जात असेल तर घ्या. आतून शिलाईवर पट्टी चिकटवली आहे का विचारा. बहुतेक वेळा अस्तरामुळे दिसत नाही आणि दुकानदार 'हो' म्हणतो.

रोज मोटारसायकलवर लांब जाणार असाल तर शिलाईऐवजी कापड तापवून जोडलेली, तोंड तीन वेळा गुंडाळून बंद करायची बॅग सगळ्यात भरवशाची. ताडपत्रीसारखी दिसते, कप्पे कमी, ऑफिसात शोभत नाही. तो निर्णय तुमचा. रेल्वेने पास काढून येणाऱ्यांना एवढी गरज नाही. त्यांनी आहे त्याच बॅगेत तोंड गुंडाळायची छोटी ड्राय बॅग ठेवावी आणि लॅपटॉप तिच्यात घालावा. फक्त झोपवलेला नको, पूर्ण बंद करून घाला, नाहीतर आत तापतो. ओली छत्री त्याच कप्प्यात कोंबणाऱ्यांना मात्र मी काही सांगू शकत नाही.

घरी आणल्यावर लॅपटॉपच्या जागी वर्तमानपत्राची घडी ठेवा, बाकी चार-पाच किलो वजन भरा, बॅग पाठीवर घ्या आणि शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा. पाणी मानेवर पडू द्या. मग बॅग बाहेरून पुसून घडी काढा. वरचा कोपरा ओला असेल तर पट्ट्यांची शिलाई गळते, कड ओली असेल तर चेन, तळ ओला असेल तर साचलेलं पाणी. वजन न भरता केलेली परीक्षा खोटी, कारण शिलाई ताणलीच जात नाही.

मागून विचारताहेत, जुन्या बॅगेचं काय? आतून पांढरी साल निघत असेल, हाताला चिकट लागत असेल, तर तो आतला थर संपला. वरून कितीही फवारे मारले तरी तो परत येत नाही. तिच्यात डबा न्या. आणि रेनकव्हर असेल तर तळाशी पेन्सिल जाईल एवढं भोक पाडून घ्या, कडेला शिंप्याकडून रिंग बसवून घ्या म्हणजे फाटणार नाही.