पॉवर प्रेसवर हात वाचवायचा तर आधी क्लच पाहा

(प्रेस शॉपमधील सुपरवायझर आणि सेफ्टी ऑफिसर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आज एकच मशीन घेऊ. हाताने ब्लँक ठेवायचा, पेडल दाबायचं, तयार पीस काढायचा, असा पॉवर प्रेस. मशीनच्या सुरक्षेचं मानक ISO 13849-1 आपल्याला तीन प्रश्न विचारायला लावतं. इजा किती गंभीर? माणूस धोक्यात किती वेळा जातो? आणि वेळ आलीच तर त्याला निसटता येईल का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. बोट तुटलं की परत येत नाही, म्हणून S2. दुसऱ्यालाही वाद नाही, प्रत्येक पीसला हात डायमध्ये जातो, म्हणून F2. खरा वाद तिसऱ्यावर होतो. "आमचा ऑपरेटर जुना आहे, हात बरोबर काढतो," असं मला हमखास ऐकवतात. पण मिनिटाला ६० स्ट्रोकचा प्रेस वरून खाली यायला अर्धा सेकंद घेतो. त्या वेळी माणसाची नजर ब्लँकवर असते, स्लाइडवर नसते. अनुभवाने हात वेगवान होतो, पण चुकून दुसरा स्ट्रोक पडला तर तो अनुभव कामाला येत नाही. म्हणून P2. तिन्ही मिळून उत्तर येतं PLr e, म्हणजे लागणाऱ्या भरवशाची सर्वांत वरची पातळी. हे उत्तर काढताना आधीपासून बसवलेली सुरक्षा नाही असं धरायचं, नाहीतर धोका कागदावरच कमी होतो.

त्याच प्रेसवर शिफ्टमध्ये एक-दोनदा अडकलेला स्क्रॅप काढायचा असेल, तर S2, F1, P2, म्हणजे PLr d. काम बदललं की पातळी बदलते, म्हणून मूल्यमापन मशीनचं नव्हे, मशीनवरच्या प्रत्येक कामाचं करायचं.

आता e आलं म्हणून लोक लगेच लाइट कर्टन मागवतात. इथे थांबा आणि क्लच कुठला ते पाहा. पिन क्लच एकदा लागला की स्लाइड पूर्ण फेरा करूनच थांबते. कर्टनने हात पाहिला तरी मधे ब्रेक लागणारच नाही. e ही पातळी सुरक्षा-सर्किट किती भरवशाचं हवं ते सांगते, उपाय कुठला ते सांगत नाही. अशा प्रेसवर बंद डाय, फिक्स गार्ड किंवा बाहेरून सरकणारा फीड, असं काहीतरी हवं. मग हात आत जातच नाही.

फ्रिक्शन क्लच असेल तर स्लाइड मधेच थांबवता येते, म्हणून कर्टन चालतं, पण अंतर मोजून. १४ मिमी रेझोल्यूशनच्या कर्टनसाठी हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरतात. कर्टन आणि कंट्रोलसकट थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर कर्टन डायपासून किमान ४०० मिमी लांब हवं. ब्रेकचं लाइनिंग झिजून तोच वेळ ०.२४ झाला, तर ४८० मिमी लागतात. कर्टन मात्र ४०० वरच असतं आणि त्याचा हिरवा दिवाही नेहमीसारखा लागलेला असतो. म्हणून थांबण्याचा वेळ स्टॉप-टाइम मीटरने ठरावीक मुदतीने, आणि ब्रेकचं काम झाल्यावर तर नक्कीच, मोजावा.