दिवाळीचा बोनस आणि विम्याचा जुना हप्ता

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज एकाच घरातला हिशेब समोर ठेवतो. घर कल्पित आहे, आकडे मात्र नेहमीचे. दिवाळीच्या आधी हातात 60 हजार रुपये बोनस आला. क्रेडिट कार्डावर 40 हजार थकलेत. नोव्हेंबरात विमा पॉलिसीचा 50 हजारांचा वार्षिक हप्ता आहे. घरात ठरतं असं: बोनसमधून हप्ता भरू, उरलेल्या 10 हजारांत फराळ-कपडे, आणि कार्डाचं बघू दर महिन्याला पगारातून. ऐकायला समंजस वाटतं. यात दोन चुका आहेत आणि एक दुसरीला झाकते.

पहिली चूक डब्यांची. आपण पैसे मनातल्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो: पगार, वरची कमाई, मुलांची फी, सणासुदीचा खर्च. रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाने 1980च्या दशकात याची नीट मांडणी केली. 2017 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण नेमकी गंमत दिसते ती काहनेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली लोकांना विचारलेल्या प्रश्नात. नाटकाला गेलात, तिकीट 10 डॉलरचं. दारात लक्षात आलं की खिशातली 10 डॉलरची नोट हरवली. तिकीट काढाल? 88 टक्के लोक हो म्हणाले. आता नोट नाही, आधीच काढलेलं तिकीट हरवलंय. पुन्हा काढाल? हो म्हणणारे 46 टक्के. नुकसान दोन्हीकडे 10 डॉलरचंच. पण हरवलेलं तिकीट ‘नाटक’ या डब्यातून गेलं, त्यामुळे नाटक 20 डॉलरला पडल्यासारखं वाटतं. नोट कुठल्याच डब्यात नव्हती.

बोनसचं तसंच. 1965च्या बोनस कायद्यात किमान बोनस आधी 4 टक्के होता, पुढे दुरुस्तीने तो 8.33 टक्के झाला. हा विचित्र आकडा म्हणजे शंभराचा बारावा भाग: कायद्याच्या हिशेबातल्या वर्षभराच्या पगारावर एका महिन्याचा पगार. म्हणजे कामाचाच मोबदला, फक्त उशिरा आणि एकरकमी आलेला. प्राप्तिकर खातं त्याला पगारच समजतं. वेगळा समजतो तो आपण, कारण तो महिन्याच्या बजेटबाहेरून येतो.

डबे वाईट नसतात, हे आधीच सांगतो. तांदळाच्या डब्यात फीचे पैसे लपवणारी बाई अडाणी नव्हती. हात लागू नये म्हणूनच तो डबा होता. बिघडतं कुठे, तर एका डब्यात पैसा पडून असतो आणि दुसऱ्या डब्याला महाग व्याज लागत असतं तेव्हा. आपल्या घराचं कार्ड बघा. महिन्याला 3.5 टक्के व्याज, म्हणजे 40 हजारांवर 1,400 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 252. एकूण 1,652. बँक ‘मिनिमम ड्यू’ म्हणून 5 टक्के मागते असं धरू, म्हणजे 2,000. ते भरले की मुद्दल कमी होतं फक्त 348 रुपयांनी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. तेव्हा बोनसमधले 40 हजार आधी कार्डाला. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर साधारण 30 दिवसांची सवलत मुदत असते. उरलेल्या 20 हजारांत पगारातून भर घालायला तेवढी पुरते की नाही, ते पाहावं लागेल.

आणि इथेच दुसरी चूक उघडी पडते. हप्ता बोनसमधून जात होता, म्हणून तो कधी टोचलाच नाही. पगारातून भरायची वेळ आली की घरात पहिल्यांदा प्रश्न येतो: ही पॉलिसी हवी कशाला? उत्तर तयार असतं: ‘पाच हप्ते भरलेत, अडीच लाख गेलेत, आता कसं सोडायचं?’ हा बुडीत खर्चाचा सापळा. आर्केस आणि ब्लूमर या संशोधकांनी 1985 साली नाट्यगृहाच्या हंगामी पासावर एक प्रयोग मांडला. काहींनी पूर्ण किंमत दिली, काहींना अचानक सवलत मिळाली. पूर्ण किंमत देणारे हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या अर्ध्यात फरक उरला नाही. एकदा दिलेल्या पैशाची टोचणी हळूहळू बोथट होते. विम्यात मात्र दरवर्षी नवा हप्ता जातो आणि टोचणी दरवर्षी ताजी होते.

पण ‘बुडालेले विसरा’ म्हणजे ‘पॉलिसी मोडा’ असं नाही. इथे बरेच सल्लागार घाई करतात. पॉलिसी 20 वर्षांची, शेवटी 17 लाख मिळणार असं धरू. पहिल्या दिवसापासून मोजलं तर हा परतावा 5 टक्क्यांहूनही कमी. घेणं चुकलंच. पण आजचा प्रश्न तो नाही. आज हातात आहे सरेंडर व्हॅल्यू, आणि पुढे आहेत 15 हप्ते. मोडून मिळणारी रक्कम आणि पुढचे हप्ते दुसरीकडे 7 टक्क्यांनी ठेवले तर 15 वर्षांनी किती होतील, एवढंच बघायचं. एक्सेलमध्ये एक ओळ पुरते:

```
=FV(7%,15,-50000,-125000,1)
```

सरेंडर व्हॅल्यू सव्वा लाख असेल तर उत्तर येतं साधारण 16 लाख 89 हजार. 17 लाखांपेक्षा किंचित कमी. म्हणजे चुकून घेतलेली पॉलिसी आज चालू ठेवणं चूक नाही! कारण साधं आहे: मोडायची किंमत कंपनी आधीच कापून घेतेय, म्हणून पुढच्या पैशावरचा परतावा सुधारतो. आता त्याच जागी 1,60,000 टाका. उत्तर 17 लाख 86 हजार. आता मोडणं बरं. सीमा येते 1 लाख 29 हजारांच्या आसपास. भरलेले अडीच लाख या सूत्रात कुठेच नाहीत, हे बघून ठेवा.

म्हणून सरेंडर व्हॅल्यू अंदाजाने धरू नका, कंपनीकडून आजच्या तारखेची लेखी मागा. सोबत तिसरा आकडाही मागा: पॉलिसी ‘पेड-अप’ केली, म्हणजे हप्ते थांबवून पैसे आतच ठेवले, तर शेवटी किती मिळेल. हे 17 लाखही तपासा. संभाव्य परताव्याचा जो तक्ता कंपनी देते, त्या बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये 4 आणि 8 टक्क्यांचे दोन रकाने असतात; एजंट बोट ठेवतो ते बहुधा 8 वर. हमी ना याची ना त्याची. हिशेब 4 च्या रकान्यावर करा, आणि आतापर्यंत जमा झालेला बोनस वेगळा विचारा. (इथला बोनस दिवाळीचा नव्हे, विमा कंपनीचा. शब्द एकच, डबा निराळा.)

तुलना करताना 7 टक्के मात्र खरोखर मिळणारे हवेत, करानंतरचे. मुदत ठेवीच्या व्याजावर कर लागतो. पीपीएफच्या व्याजावर नाही, पण तिथे वर्षाला दीड लाखांची मर्यादा आहे, म्हणून 1,60,000 एकाच वर्षात बसणार नाहीत. आणि वाचलेला हप्ता दर नोव्हेंबरला खरंच तिकडे गेला पाहिजे. तो पुन्हा फराळाच्या डब्यात जाणार असेल, तर हे सूत्र तुमच्या घराला लागू नाही, पॉलिसी राहू द्या.

मोडायचं ठरलंच, तर क्रम चुकवू नका. पॉलिसीवर आज जेवढं विमा संरक्षण आहे, निदान तेवढा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा, आधी काढा. वैद्यकीय तपासणी होऊन नवी पॉलिसी हातात पडली की मगच सरेंडरचा अर्ज द्या. तपासणीत साखर किंवा रक्तदाब निघून नवा विमा नाकारला गेला, तर जुनी मोडायची नाही; मग 1,60,000चं उत्तर काहीही येवो.