उन्हाळ्यात इडलीचं पीठ आंबट का होतं?

नमस्कार श्रोतेहो. रात्री झाकून ठेवलेलं इडलीचं पीठ सकाळी फुगून पुन्हा खाली बसलेलं असतं, आंबट वास येतो आणि इडल्या चपट्या होतात. उन्हाळ्यात छोट्या उपाहारगृहांत हे नेहमी घडतं. दोष बहुतेकदा डाळ-तांदळाला दिला जातो. पण आधी बघावं, पीठ ग्राइंडरमधून निघालं तेव्हा किती गरम होतं.

समजा, 1 किलो उडीद डाळ आणि 4 किलो उकडा तांदूळ आहे. वाटल्यावर सुमारे 10 किलो पीठ होतं. दगडी ग्राइंडरमध्ये डाळ अर्धा तास फिरते आणि घर्षणाने तापते. खोलीच 34 अंशांवर असेल, तर पीठ त्याहून गरम निघतं. पीठ फुगवणारे जिवाणू 25 ते 30 अंशांत चांगलं काम करतात. त्यापुढे आम्ल बनवणारे त्यांना मागे टाकतात. म्हणून पीठ जास्त फुगत नाही, नुसतं आंबत जातं.

उपाय वाटतानाच करायचा. डाळ 4 तास भिजवा, शक्यतो फ्रिजमध्ये. वाटताना बर्फाचं पाणी थोडं थोडं घाला. 1 किलो डाळीला साधारण दीड लिटर लागतं, पण डाळ नवी-जुनी असेल तसं ते बदलतं. सगळं पाणी एकदम ओतलं तर डाळ दगडाखाली नीट चिरडली जात नाही आणि पीठ हलकं होत नाही. वाटीभर पाण्यात पिठाचा थेंब टाका. तो तरंगला की डाळ झाली. तांदूळ मात्र बारीक रव्यासारखा ठेवा. दोन्ही पिठं एकत्र केल्यावर थर्मामीटर 26 ते 28 दाखवायला हवा.

आता मीठ. 10 किलोला 100 ग्रॅम पुरे. मिठाने आंबणं थोडं मंदावतं, म्हणून उन्हाळ्यात सगळं मीठ रात्रीच हाताने नीट कालवा. थंडीत, खोली 20 अंशांच्या आसपास असली, तर कोमट पाण्याने वाटा, निम्मंच मीठ रात्री घाला. उरलेलं सकाळी वाटीभर पाण्यात विरघळवून अलगद मिसळा. जोरात ढवळलं तर साठलेली हवा निघून जाते.

पीठ सैल झालं तर तांदळाचे कण तळाशी बसतात आणि हवा टिकत नाही. फार घट्ट राहिलं तर फुगायला जोर लागतो, इडली दडस होते. पळीतून जाडसर, सलग धार पडावी.

उन्हाळ्यात सगळं पीठ एकाच पातेल्यात ठेवू नका, मधलं पीठ उशिरापर्यंत गरम राहतं. तीन-चार पातेल्यांत अर्धी भरून ठेवा. जे दुप्पट होईल, ते लगेच फ्रिजमध्ये हलवा. थंड व्हायलाही वेळ लागतो, तेव्हा पीठ माथ्यावर खोलगट होण्याची वाट पाहू नका.

डोशाला पीठ बारीक वाटलेलं आणि सैल हवं, थोडं जास्त आंबलं तरी चालतं. म्हणून इडलीला उशीर झालेलं पातेलं पाणी घालून डोशाच्या तव्याकडे वळवा.